ताईचे पन्नास हजार

माझी थोरली बहीण शिक्षिका होती. सप्टेंबरअखेर निवृत्त झाली आणि एप्रिलमध्ये म्युच्युअल फंडाचं विवरणपत्र घेऊन माझ्याकडे आली. "फंडानं वर्षात दहा टक्के दिले असं इथं लिहिलंय. मी सहा लाख घातले, आज साडेपाच आहेत. मग हे दहा टक्के मिळाले कुणाला?"

पतसंस्थेत इतकी वर्षं हिशेब लिहूनही मला पटकन उत्तर देता आलं नाही. उलट मीच म्हणालो, की यांनी खोटं लिहिलंय. ते चुकलंच माझं.

रात्री वही घेऊन बसलो. आकडे इथं गोल करून देतो. १ एप्रिलला ताईनं एक लाख भरले, तेव्हा युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही २० रुपये होता. पाच हजार युनिट मिळाले. १ ऑक्टोबरला भाव २५ झाला होता. त्याच दिवशी तिनं ग्रॅच्युइटीतले पाच लाख भरले आणि आणखी वीस हजार युनिट आले. ३१ मार्चला भाव २२. पंचवीस हजार युनिट गुणिले २२ म्हणजे साडेपाच लाख.

भाव २० वरून २२ झाला, म्हणजे दहा टक्के वाढ. विवरणपत्र खरं होतं. पहिल्या सहामाहीत २५ टक्के वर, दुसरीत १२ टक्के खाली, १.२५ गुणिले ०.८८ केलं की १.१० येतं. याला कालभारित परतावा म्हणतात. त्यात प्रत्येक सहामाहीचं वजन सारखंच, मग खात्यात तेव्हा एक लाख असोत की सव्वासहा. पैसे कधी यावेत हे फंड चालवणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून त्याचं काम या आकड्यानं जोखणं रास्त आहे. पोर्टफोलिओ मॅनेजरांनी परतावा याच पद्धतीनं कळवावा, असा सेबीचा २०२० पासूनचा नियम आहे.

पण ताईचा प्रश्न फंडाच्या कामाबद्दल नव्हता, तिच्या पैशांबद्दल होता. २५ टक्के वाढ मिळाली ती एका लाखाला, आणि १२ टक्क्यांची घट बसली सव्वासहा लाखांना. पंचवीस हजार आले, पंचाहत्तर हजार गेले.

याचा टक्का काढताना मी आधी पन्नास हजारांना सहा लाखांनी भागलं, उणे ८.३ आलं. तेही चूक, कारण पाच लाख वर्षभर खात्यात नव्हतेच. मग बचत खात्याचं व्याज काढताना करतो तसं केलं : रक्कम गुणिले दिवस. पाच लाख अर्धं वर्ष म्हणजे अडीच लाख वर्षभर. त्यात पहिले एक लाख मिळवले की साडेतीन लाख. पन्नास हजार भागिले साडेतीन लाख, म्हणजे उणे १४.३ टक्के. हा रक्कमभारित परतावा झाला, कागदावरचा आणि अंदाजी. भाचीनं संगणकावर एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा भरल्या (भरलेल्या रकमा उणे, शेवटचं मूल्य अधिक) आणि खाली लिहिलं :

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

उत्तर उणे १४ च्या आसपासच आलं. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं?" मला फार वाईट वाटलं. ती निवृत्त झाली त्या तारखेला पैसे आले. बाजार पाहून तारीख ठरवायला तिला कुणी विचारलं नव्हतं. तेच सहा लाख एप्रिलमध्ये हाती असते तर सहा लाख साठ हजार झाले असते. उणे १४ हा आकडा त्या तारखांचं फळ सांगतो, फंड वाईट की ताई चुकली हे सांगत नाही.

XIRR बद्दल एक सावधगिरी. तो दर नेहमी वार्षिक करून दाखवतो. महिन्यापूर्वी भरलेले पैसे तीन टक्के खाली असले, तर मोबाइलवर उणे तीसच्या घरातला आकडा दिसतो आणि माणूस घाबरून पैसे काढतो. वर्ष व्हायच्या आत तो आकडा बघू नये, नुसते रुपये बघावेत.

शेअर स्वतः घेणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्या खात्याला एनएव्ही नसते. कालभारित परतावा काढायचा, तर पैसे भरले त्या प्रत्येक दिवशी खात्याचं मूल्य किती होतं ते टिपलेलं हवं. ते सहसा नसतं. रक्कमभारिताला मात्र तारखा, रकमा आणि आजचं मूल्य एवढं पुरतं.

ताईनं युनिट विकले नाहीत. तिच्या वहीत आता दोन रकाने आहेत. एकात फंडाचा परतावा, तो ती दुसऱ्या फंडांशी ताडून बघते. दुसऱ्यात तिचा स्वतःचा. तो ती त्याच तारखांना तेवढेच पैसे बँकेच्या मुदत ठेवीत ठेवले असते तर काय झालं असतं, त्याच्याशी लावून बघते.