डाग कुठला, अनुस्वार कुठला?

आत्याकडचं पाककृतींचं पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेलं आहे. त्यामुळे ‘तें’, ‘दुधांत’, ‘पीठ मळावें’ असे अनुस्वार त्यात पानोपानी आहेत. कागद पिवळा पडलाय आणि त्यावर तपकिरी डाग आलेत. तिनं कुणाकडून तरी ते स्कॅन करून घेतलं आणि पीडीएफ माझ्याकडे पाठवली. पानं तिरकी, बांधणीजवळ काळी सावली आणि सगळीकडे ठिपके. “एवढं स्वच्छ करून दे गं, म्हणजे छापून घरात सगळ्यांना देता येईल,” असं ती म्हणाली. मी असलं काम पूर्वी केलेलं नव्हतं. तिरकेपणा आणि सावली यांचं काय करायचं ते हळूहळू कळत गेलं. ठिपक्यांनी मात्र मला फार गोंधळात टाकलं, कारण कागदावरचा डाग आणि अक्षरावरचा अनुस्वार यंत्राच्या दृष्टीनं एकच: एक छोटा काळा ठिपका.

पहिला गोंधळ पीडीएफचाच होता. ती उघडून पानं सरळ करायची, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे चित्रांचा गठ्ठा असतो, आणि काम त्या चित्रांवर करायचं असतं. पडद्यावरचं पान टिपून घेतलं तर बारकावे जातात, म्हणून मूळ चित्रं जशीच्या तशी बाहेर काढावी लागतात. त्यासाठी या दोन ओळी पुरतात:

```
pdfimages -list pustak.pdf
pdfimages -all pustak.pdf pan
```

पहिली ओळ प्रत्येक चित्राची माहिती दाखवते आणि दुसरी चित्रं काढून देते. माहितीच्या तक्त्यात माझी चित्रं रंगीत दिसली आणि एका इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३०० डीपीआय, अशी नोंद होती. ही चित्रं रंगीत असणं किती मोलाचं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढचं काम स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड या मोफत प्रोग्राममध्ये केलं. चित्रं घेताना त्यानं आधी डीपीआय विचारला, कारण बाहेर काढलेल्या चित्रांमध्ये ती नोंद नव्हती. इथे अंदाजे आकडा टाकून चालत नाही. किती छोट्या ठिपक्याला कचरा समजायचं, हे प्रोग्राम याच आकड्यावरून ठरवतो. हा प्रोग्राम मूळ चित्राला हात लावत नाही. कोन, चौकट, समास या सगळ्यांची फक्त नोंद ठेवतो आणि अगदी शेवटी मूळ चित्रावरून नवं पान तयार करतो. त्यामुळे मला निर्धास्तपणे फेरफार करून पाहता आले.

तिरकेपणा किती असला म्हणजे त्रास होतो? पान पाच इंच रुंद असेल तर ३०० डीपीआयला ते १५०० पिक्सेल भरतं. एका अंशानं ते कललं, तर ओळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे २६ पिक्सेल खाली जातं. बारा पॉइंटाची ओळ साधारण ५० पिक्सेल उंच असते, म्हणजे अर्ध्या ओळीचा फरक पडतो. कोन शोधण्याची रीत मला फार आवडली. पान थोडं थोडं फिरवून प्रत्येक आडव्या पट्टीत किती शाई येते हे मोजलं जातं. ज्या कोनात शाईच्या पट्ट्या आणि कोऱ्या पट्ट्या सर्वांत स्पष्टपणे वेगळ्या होतात, तो कोन बरोबर. देवनागरीत शिरोरेषा आयतीच आडवी असल्यामुळे सलग मजकुराची पानं अचूक सरळ झाली. साहित्याच्या याद्यांची पानं मात्र चुकली. तिथे ओळी दोन-तीन शब्दांच्याच, त्यात कडेला कंसाच्या मोठ्या रेघा. अशी पानं मी `Deskew` या टप्प्यावर शिरोरेषेला जाळीची रेघ लावून हातानं फिरवली. बांधणीजवळ जिथे ओळच वाकलेली होती, तिथे नुसतं फिरवून उपयोग नाही. वाक काढण्याची सोय वेगळी आहे, आणि मी ती फक्त फार वाकलेल्या पानांपुरती वापरली, कारण तिच्यानं काही अक्षरं थोडी ताणली जात होती.

त्यानंतर `Select Content`, म्हणजे मजकुराभोवती चौकट. चौकटीबाहेरचं सगळं पांढरं होतं, त्यामुळे समासातले डाग, कडेची काळी पट्टी आणि बोटांची सावली ठिपके काढण्याचा पर्याय न वापरताच गेली. एवढंच पाहायचं, की पृष्ठांक चौकटीत आला आहे आणि समासात कुणी पेन्सिलीनं लिहिलेलं बाहेर राहिलेलं नाही. आजीनं एका लाडवाशेजारी ‘तूप कमी’ असं लिहिलंय. ते कापलं जाऊ नये म्हणून त्या पानाची चौकट मी हातानं मोठी केली.

आता सावली आणि काळेपणा. राखाडी पानाचं काळं-पांढरं करायचं म्हणजे एक उंबरठा ठरवायचा: त्याहून गडद ते काळं, फिकट ते पांढरं. अख्ख्या पानाला एकच उंबरठा लावण्याची ओत्सूची पद्धत आधीपासून निवडलेली होती. तिनं पानाचा मधला भाग छान आला, पण बांधणीजवळची सावली काळी ठिक्कर झाली आणि तिच्यात ओळींची पहिली अक्षरं बुडाली. सावलीतला कागद इतरत्रच्या फिकट शाईइतकाच गडद होता, तेव्हा एका उंबरठ्यानं दोन्ही सांभाळले जाणं शक्यच नव्हतं. उजेड सारखा करण्याचा पर्याय, `Equalize illumination`, लावला आणि सावली बरीचशी विरली. जिथे ती राहिली, तिथे साउव्होलाची पद्धत निवडली. ती प्रत्येक जागेचा उंबरठा आजूबाजूच्या उजेडावरून ठरवते. तिचा एक दोष लगेच दिसला. कोऱ्या जागी ती पाठच्या पानावरची झिरपलेली अक्षरंही उचलून आणते, म्हणून ती सरसकट लावली नाही.

उंबरठा किती ठेवायचा हे मी नुसतं ‘छान दिसतंय’ म्हणून ठरवू शकले नाही. अक्षरं जाड केली की ‘व’चं पोट भरून त्याचा ‘ब’ होतो. बारीक केली की ‘ष’मधली तिरकी रेघ तुटून ‘प’ उरतो. या पुस्तकात आणखी एक अडचण होती. मापं जुन्या पद्धतीनं लिहिलेली आहेत: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. उभ्या रेघा केसासारख्या बारीक. ‘साखर १॥ शेर’ मधली एक रेघ उडाली तर दीड शेराची सव्वा शेर साखर होते, आणि पान तरीही निर्दोष दिसतं. म्हणून काळेपणा ठरवताना मी नेहमी ‘ष’, ‘ब’ आणि मापाच्या रेघा असलेली ओळ मोठी करून समोर ठेवली.

राहिले ठिपके. `Despeckle` नावाची पट्टी उजवीकडे सरकवत गेलं, की पान बघता बघता स्वच्छ होतं. तिच्या शेजारी एक वेगळं दृश्य आहे, त्यात काढून टाकलेले ठिपके वेगळ्या रंगात दिसतात. ते उघडल्यावर मी हादरले. डागांच्या गर्दीत शिरोरेषेच्या वर ओळीनं बसलेले ठिपकेही रंगले होते, म्हणजे अनुस्वार जात होते. हिशेब साधा आहे. या छपाईतला अनुस्वार सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद आहे. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरात जवळजवळ १२ पिक्सेल येतात, म्हणजे अनुस्वाराला उणेपुरे सहा. खिळा झिजला असेल तर चारच. तपकिरी डागांचे ठिपकेही याच मापाचे. आकारावरून निवड करायची म्हटली तर दोघे एकत्रच जाणार.

शेजारचे काका अनेक वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांना आधीचं आणि नंतरचं पान दाखवलं. त्यांनी ‘तें मिश्रण’वर बोट ठेवलं. नव्या पानावर ते ‘ते मिश्रण’ झालं होतं. “हे वाचून तपासू नकोस,” ते म्हणाले. “आजच्या लेखनात ‘ते’च बरोबर आहे, त्यामुळे तुझा डोळा अडणारच नाही. मूळ पानावर ओळीत किती टिंबं आहेत ते मोज आणि नव्या पानावर मोज.” त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ‘दुधांत’चं ‘दुधात’, ‘मळावें’चं ‘मळावे’ झालं होतं, आणि पान मी आधी वाचलेलं असूनही मला काही खटकलं नव्हतं.

उपाय सापडला तो रंगात. डाग तपकिरी आहेत आणि शाई काळी. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचं असतं. पिवळा कागद आणि तपकिरी डाग लाल प्रकाश बराच परावर्तित करतात, म्हणून लाल थरात ते फिके पडतात. काळी शाई मात्र तिन्ही थरांत काळीच राहते. इमेजमॅजिकनं फक्त लाल थर वेगळा काढता येतो:

```
magick pan-012.jpg -channel R -separate pan-012.png
```

या एका ओळीनं त्या चित्रातले बहुतेक डाग कागदात विरून गेले आणि अनुस्वार जागेवर राहिले. सगळ्या पानांचे लाल थर काढून मी तेच स्कॅनटेलरमध्ये घेतले. स्कॅन राखाडी असतं तर हा मार्गच बंद होता. अपवाद आजीच्या टिपणांचा. त्यांतलं एक लाल पेन्सिलीचं आहे आणि ते लाल थरात जवळजवळ नाहीसं होतं, म्हणून ते पान मी रंगीतच ठेवलं.

त्यानंतर `Despeckle` अगदी कमीत कमी ठेवलं. धुळीचे काळे कण काही राहिले. ते जिथे ओळींच्या मधोमध होते तिथे पानावर हातानं पांढरी चौकट काढून झाकले. शिरोरेषेच्या लगत असलेल्या ठिपक्याला मूळ रंगीत चित्र पाहिल्याशिवाय हात लावला नाही. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे ओळीओळीनं मोजणी. ती कंटाळवाणी आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. मोजताना दोन ठिकाणी आकडा चुकला. दोन्हीकडे अनुस्वार मुळातच इतका पुसट उठला होता, की उंबरठ्यानंच तो खाल्ला होता.

तयार पानं टिफ चित्रांच्या रूपात `out` फोल्डरमध्ये येतात. त्यांची पुन्हा पीडीएफ करताना दर्जा घसरू नये म्हणून हे वापरलं:

```
img2pdf out/*.tif -o svachchha.pdf
```

काही जागी मूळ चित्र कितीही मोठं केलं तरी डाग की अनुस्वार हे मला ठरवता आलं नाही, काकांनाही नाही. ती पानं काळी-पांढरी न करता राखाडीच ठेवली आहेत. छापील प्रतीत ती बाकीच्यांपेक्षा थोडी मळकट दिसतील, हे आत्याला सांगितलंय. जुनी पीडीएफही मूळ नावासह तशीच ठेवली आहे, कारण उद्या कुणाला ‘दुधांत’ की ‘दुधात’ हे पाहायचं झालं तर उत्तर तिथेच आहे.