सुटलेल्या नफ्याचा तक्ता

१९४१ साली हिचकॉकने वाहतुकीचा प्रश्न मांडला तो खर्च कमी करण्यासाठी. आपण शिकतो त्या पायऱ्याही बहुतेक खर्चाच्याच तक्त्यावरच्या. हाती नफ्याचा तक्ता आला, की तो आधी उलटवून घ्यावा लागतो आणि इतकी वर्षं शिकवूनही मला सगळ्यात जास्त रमायला होतं ते याच पायरीवर.

समजा, कांदा लासलगावला ४० टन आहे आणि चाकणला ६० टन. वाशीला ३० टन हवा, सुरतेला ५०. लासलगावहून टनामागे नफा वाशीत ९०० रुपये, सुरतेत ८००. चाकणहून वाशीत ७००, सुरतेत फक्त ३००. नजर साहजिकच ९००वर जाते. लासलगावचे ३० टन वाशीला दिले, उरलेले १० सुरतेला, की सुरतेची बाकी ४० टनांची मागणी चाकणला तीनशेच्या भावाने भागवावी लागते. एकूण नफा ४७,००० रुपये.

आता तक्ता उलटवू. पण त्याआधी बेरजा जुळवायच्या. माल १०० टन, मागणी ८०, म्हणून २० टनांचा डमी स्तंभ, नफा शून्य. मग तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यातून, म्हणजे ९००मधून, प्रत्येक घर वजा करायचं. लासलगावची ओळ ०, १००, ९०० होते. चाकणची २००, ६००, ९००. प्रत्येक आकडा सांगतो, इथे टनामागे किती नफा हातचा सुटला.

व्होगेलच्या पद्धतीने दोन लहान आकड्यांतला फरक काढला, तर सर्वांत मोठा, ५००, सुरतेच्या स्तंभात येतो. म्हणून लासलगावचे सगळे ४० टन सुरतेला जातात. चाकणहून ३० वाशीला, १० सुरतेला. २० टन चाकणलाच राहतात. मोडीने तपासलं तर रिकाम्या घरांत एकही ऋण आकडा निघत नाही. उत्तर पक्कं.

हे चालतं, कारण वाटप कसंही केलं तरी टन १००च राहतात. एकूण तोटा म्हणजे ९० हजार वजा एकूण नफा. एक कमी केला की दुसरा वाढणारच. काही मुलं नफ्याचा व्यस्तांक घेऊन तक्ता उलटवतात. त्यात घराघरांतले फरकच बदलतात आणि हे नातं तुटतं.

डमी नंतर जोडून त्यात शून्य लिहिलं तरी सर्वोत्तम वाटप तेच राहतं, कारण ते २० टन ठरलेलेच आहेत. ताळा मात्र बिघडतो. आपल्या वाटपात सुटलेला नफा ३४,०००. ९०,०००मधून गेले की ५६,०००. डमीत शून्य असेल तर तोटा १६,००० दिसतो आणि वजाबाकी ७४,००० सांगते, जो नफा कुठल्याच वाटपात मिळत नाही.

म्हणून शेवटी मूळ तक्ता पुन्हा समोर घ्या आणि नफा त्याच्यावरच मोजा: ३२,०००, २१,००० आणि ३,०००. हे ५६,००० आणि वजाबाकीचे ५६,००० जुळले, तरच उत्तराखाली रेघ ओढा.