मुंगी दिसते, कोळी दिसत नाही

आमच्या पाथरी भागात जायकवाडीचा डावा कालवा आला आणि उसाचं रान वाढलं. त्याच्या आधी ऊस म्हणजे विहिरीवरचा, अर्धा-पाऊण एकर, तो बी घरच्या गुळापुरता. माघ-फाल्गुनात गुऱ्हाळ लागायचं. काहिलीतला पाक पाण्यात टाकून त्याची गोळी टणक झाली का ते गुळव्या बोटानं बघायचा आणि मगच काहील उतरायची. घरी भेल्या यायच्या त्या वर्षाच्या बेगमीच्या. फाल्गुनात आलेला गूळ दिवाळीपर्यंत पुरवायचा आणि मधले चार महिने पावसाळ्याचे. नागपंचमी, पोळा, लक्ष्म्या, सगळे गोडाचे सण नेमके त्याच ओल्या दिवसांत. म्हणून गूळ करणं हे गड्यांचं काम असलं, तरी तो टिकवणं हे खरं अवघड काम बायकांकडं होतं.

गुळाला पाणी का सुटतं ते आधी सांगतो. साखर जवळजवळ निव्वळ साखरच असते. गुळात मात्र साखरेबरोबर उसाच्या रसातली दुसरी, फळासारखी साखर असते, थोडे क्षार असतात. ही दुसरी साखर हवेतली ओल लवकर ओढते. मे महिन्यात आपल्याकडं हवा कोरडी ठाक असते तेव्हा भेली दगडासारखी राहते. मृग लागला, आभाळ दाटलं, की तीच भेली वरून ओलसर होते आणि आषाढात तिच्यावर अंगठा दाबला तर ठसा उमटतो. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला, लोळलेला असला किंवा खारवट जमिनीतला असला, तर गूळ मुळातच नरम होतो आणि लवकर पाझरतो. असा गूळ कशातही ठेवा, तो टिकत नाही. म्हणून बेगमीची भेली घेताना बोटाच्या पेरानं ठोकून बघावी. खणखणीत वाजली, फोडल्यावर आत रवा दिसला, तर ती पावसाळा काढते. हाताला चिकटली तर ती शिमग्यातच पुरणाला लावावी.

आमच्या आजीच्या काळी माळवदाचं घर होतं. चुलीच्या वर एक फळी होती, धुरानं काळी झालेली. गुळाचा डेरा त्या फळीवर. तोंडावर फडकं, त्यावर झाकणी आणि कडेनं शेणमातीचा लिंपा. चूल दोन वेळा पेटायची, त्या उबेनं ती जागा भर श्रावणात बी कोरडी राहायची. रोजच्या वापराचा गूळ शिंक्यात असायचा. मुंगळे आढ्यावरून शिंक्याच्या दोरीनं उतरायचे, म्हणून दोरीला मधे एरंडेलात भिजवलेली चिंधी बांधलेली. चिंधी सुकली की मुंगळ्यांना वाट मोकळी, म्हणून आजी दर आठ दिवसाला ती बदलायची. आता स्लॅबचं घर आलं, गॅस आला. कुकरची वाफ, धुतलेली भांडी, बंद खिडकी. स्वयंपाकघरात आता चुलीची कोरडी ऊब राहिली नाही, नुसती वाफ राहिली. लोक म्हणतात, पहिल्यासारखा गूळ राहिला नाही. गुळाचं ते काही अंशी खरं असेल, पण गूळ ठेवायची जागा बी पहिल्यासारखी राहिली नाही.

2023 साली अधिक श्रावण आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. लेकी-जावयांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारसे वाण द्यायचे. माझी धाकटी बहीण पाथरीतच दिलेली. तिनं त्या वर्षी पंधरा किलो गूळ पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरून ठेवला होता आणि मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत उभा केला होता. जावई यायच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला. मी गेलो.

"दादा, मुंगी तर एक दिसंना. मग ह्ये काय हलायलंय?" तिनं डबा पुढं केला.

सुनेचं म्हणणं होतं, गुळाला साखर सुटलीय. खरंच, खड्यांवर आणि झाकणाच्या आतल्या कडेला पिठासारखी फिकट भुकटी दिसत होती. तळाशी गूळ काळपट, ओला. वास आंबूस. बहिणीच्या दोन्ही मनगटांना खाज सुटली होती, बारीक पुरळ आलं होतं. मी नातवाची काळी पाटी मागितली. चिमूटभर भुकटी पाटीवर ढिगासारखी टाकली, खिडकीच्या उजेडात ठेवली आणि म्हणलं, आता कोणी फुंकू नका. पाच-सात मिनिटांत ढिगाचं टोक आपोआप बसलं आणि भुकटी कडेला पसरायला लागली. साखर जागची हलत नाही. हलतो तो कोळी.

कापसा-वांग्यावर लाल कोळी येतो तो शेतकऱ्याला माहीत असतो. त्याच जातकुळीचा हा बारीक पांढुरका कोळी साठवणीच्या गोड मालावर येतो. आठ पायांचा, नुसत्या डोळ्याला धूळ वाटावा एवढा. याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो पाणी प्यायला कुठं जात नाही, हवेतली ओलच अंगात ओढून घेतो. हवेत निम्म्याहून बरीच जास्त ओल असली, साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर, की तो जगतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याची नवी पिढी तयार होते. त्याच्या खाली हवा कोरडी असली तर तो सुकून मरतो. म्हणून उन्हाळ्यात त्याचं नाव नसतं आणि श्रावणात डबाभर होतो.

आता बहिणीच्या डब्यात तो आला कसा? मी विचारत गेलो तसं उलगडत गेलं. मागल्या वर्षीचा पावकिलोभर चिकट गूळ डब्याच्या तळाला होता, त्याच्यावरच नवा भरला. म्हणजे बी आधीच पेरलेलं. डबा मोठा, घरात माणसं जास्त, दिवसातून चार वेळा झाकण उघडायचं आणि दर वेळी ओली हवा आत. गूळ निम्म्यावर आला तशी वरची पोकळी वाढली, तिच्यात ओल साठली. आणि चौथी गोष्ट म्हणजे परातीतलं पाणी. त्यानं मुंग्या थांबल्या हे खरं, पण झाकण सैल होतं, डबा चोवीस तास पाण्यात उभा, त्याच्या आजूबाजूची हवा कायम दमट. जे मुंगीला अडवायला केलं तेच कोळ्याला मानवलं.

बहीण म्हणाली, "उन्हात टाकू का?" गूळ उन्हात टाकला तर वितळतो, अन् त्या दिवसांत ऊन होतंच कुठं? चाळून बी उपयोग नसतो, अंडी खड्याला चिकटलेली असतात. उकळला तर कोळी मरतो, पण त्याची मढी आणि घाण पाकातच राहते आणि ज्याला अशा गोष्टी सोसत नाहीत त्याला पुरळ, धाप असा त्रास होऊ शकतो. घरात लहान लेकरं, आलेला जावई. तो गूळ खायचा नाही, एवढं मी ठाम सांगितलं. साडेसहा किलो उरला होता. टाकवत तर नाही. मग तो शेतात जीवामृताला गेला. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. तीन पिंपांत तो संपला. धोंड्याला बाजारातून तीन किलो नवा आणला. अनारशाचं पीठ वेगळ्या घट्ट डब्यात होतं, त्याची बी पाटीवर परीक्षा केली, ते चांगलं निघालं. रवा, खोबरं, खारीक सगळं त्याच दिवशी पाहिलं, कारण कोळी एका डब्यापुरता थांबत नाही.

डबा उकळत्या पाण्यानं धुतला, कड्या-सांदी ब्रशनं घासल्या आणि पुढं ऊन पडलं तेव्हा दोन दिवस उघडा वाळवला.

पुढच्या वर्षी बहिणीनं वेगळी रीत धरली, ती आता आमच्या बी घरी आहे. गूळ फोडायचा तो वैशाखात, मृगाच्या बराच आधी, हवा कोरडी असताना. मुठीएवढे खडे करून बाजेवर धोतराच्या फडक्यावर सावलीत, वाऱ्याला एक दिवस ठेवायचे. मग दीड-दोन किलोच्या घट्ट झाकणाच्या बरण्या घ्यायच्या, काचेच्या किंवा चिनीमातीच्या. साधं मडकं झिरपतं, त्याला आतून रोगण नसेल तर गुळाला घेऊ नये. बरणी काठोकाठ भरायची, वर पोकळी ठेवायची नाही. झाकणाच्या कडेला जाड कागद दुमडून घालायचा. एक बरणी म्हणजे एका महिन्याचा गूळ. एक संपल्याशिवाय दुसरी फोडायची नाही आणि रिकामी झालेली धुऊन वाळवल्याशिवाय भरायची नाही. बरण्या भिंतीला न टेकवता फळीवर, शेगडी आणि मोरीपासून लांब. रोजचं झाकण उघडायचं ते कोरड्या हातानं, आणि भातावरच्या वाफेत तर मुळीच नाही. त्या रीतीनं तिचा गूळ दिवाळीला बी खडखडीत निघाला.

मुंग्यांचा बंदोबस्त त्यामानानं सोपा, कारण मुंगी बाहेरून येते आणि वाट दाखवत येते. पहिली मुंगी वासाची रेघ ओढत जाते, मागच्या त्या रेघेवरून येतात. म्हणून नुसत्या मुंग्या झटकून काम होत नाही. साबणाच्या पाण्यानं ती वाट पुसायची, उलटं भिंतीतल्या भेगेपर्यंत जायचं आणि भेग सिमेंटनं बुजवायची. परातीतलं पाणी चालतं, पण घट्ट झाकणाच्या भांड्यालाच. तेही तिसऱ्या दिवशी बदलावं, कारण पाण्यावर धूळ साचली की बारीक मुंग्या त्या सायीवरून पलीकडं जातात. परात भिंतीला टेकली तर पाणी असून नसल्यासारखं. साखरेत लवंगा टाकतात, त्यानं मुंगी काही दिवस कचरते, वास उडाला की परत येते. कोळ्यावर लवंगेचा भरवसा धरू नये. मुंग्यांचा औषधी खडू आणि पावडर खाण्याच्या फळीवर नकोच, ते विषच आहे.

साखर कोरडी असेल तर कोळी तिच्यात सहसा होत नाही, गोळे धरले की सावध व्हावं. लाडू-करंज्या पूर्ण गार झाल्यावरच झाकाव्यात. कोमट असताना झाकल्या तर वाफ झाकणाला लागून घाम परत त्यांच्यावरच पडतो आणि चार दिवसांत बुरशी दिसते. गुळाचे लाडू पावसाळ्यात आठवड्याभराचेच करावेत.

मुंगी दिसली तर बाई लगेच हातातलं काम टाकून उठते. भुकटी दिसली तर साखर समजून झाकण लावते. पाटी घरात नसेल तर काळा कागद चालतो, नाहीतर तवा गार असताना. आषाढापासून दसऱ्यापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा चिमूटभर टाकून बघावं. पाच मिनिटं लागतात.