एक टाय, तीन उत्तरं

पाश्चात्य संगीताच्या थिअरीची परीक्षा तोंडावर आलीय. त्यातला एक प्रश्न पेपर सोडवणाऱ्यांना हमखास गंडवतो. स्टाफवर दोन-चार बार छापलेले असतात आणि विचारलेलं असतं: हे सिंकोपेशन, हेमिओला की पॉलीरिदम? कारण द्या. व्याख्या तिन्हींच्या पाठ असतात, तरी मार्क जातात. का जातात, त्यावर हा शनिवार घालवला.

गोची अशी की तिन्हींमध्ये बारलाइन ओलांडून जाणारा टाय दिसू शकतो. टाय दिसला की हात आपोआप 'सिंकोपेशन' लिहून मोकळा होतो!

म्हणून ३/४ चे दोन बार घेऊ. एकूण सहा क्रॉचेट्स. ● म्हणजे इथे स्वर वाजला, – म्हणजे आधीचाच चालू आहे. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची.

```
      १ २ ३ | ४ ५ ६
(अ)   ● ● ● | – ● ●
      ● – – | ● – –

(ब)   ● – ● | – ● –
      ● – ● | – ● –

(क)   ● – ● | – ● –
      ● – – | ● – –
```

तिन्हींमध्ये उजव्या हाताचा तिसऱ्या क्रॉचेटवरचा स्वर टायने दुसऱ्या बारमध्ये शिरलाय. आता एकेक बघू.

(अ) मध्ये चौथ्या क्रॉचेटवर, म्हणजे दुसऱ्या बारच्या जोरदार पहिल्या बीटवर, उजवा हात गप्प आहे. वजन आधीच्या हलक्या बीटवर सरकलं. पण डावा हात प्रत्येक बारची सुरुवात इमानदारीत दाखवतोय, आणि पाच-सहावर उजवाही रुळावर येतो. बीट जागेवरच आहे, स्वर फक्त तिच्या आधी येऊन बसला. हे सिंकोपेशन. स्कॉट जॉपलिनच्या 'मेपल लीफ रॅग' (१८९९) मध्ये हेच सतत ऐकू येतं: डावा हात सरळ चालतो, उजवा त्याला चकवतो.

(ब) मध्ये चकवायला कुणी उरलेलंच नाही. दोन्ही हात मिळून १, ३, ५ वर पडतात. तीन-तीनचे दोन गट मोडून दोन-दोनचे तीन गट झाले. लिहिलंय ३/४, कानाला येतं ३/२. हा हेमिओला. बरोक काळातल्या तीन बीट्सच्या संगीतात, वाक्य संपायच्या जरा आधी तो बऱ्याचदा सापडतो. पक्की खूण म्हणजे बास आणि कॉर्ड दर दोन बीट्सनी बदलतात.

आता (क). उजव्या हाताची ओळ (ब) सारखीच आहे, एका टिंबाचाही फरक नाही! पण डाव्या हाताने तीन-तीनचे गट सोडलेले नाहीत. तेवढ्याच वेळात वर तीन समान ठोके, खाली दोन. तीनास दोन, म्हणजे पॉलीरिदम. शोपँच्या 'फँटेझी-इम्प्रॉम्प्ट्यू'मध्ये हेच गुणोत्तर चारास तीन आहे.

थोडक्यात, नुसती वरची ओळ बघून (ब) आणि (क) वेगळे करताच येत नाहीत. उत्तर बासमध्ये असतं. म्हणून टाय दिसला की आधी खाली बघायचं. खालची ओळ मूळ बीट धरून आहे आणि वरची अधूनमधून घसरते, तर सिंकोपेशन. दोघींनी मिळून नवे गट केले, तर हेमिओला. दोघींचे आपापले समान गट एकाच वेळी चालू आहेत, तर पॉलीरिदम.

शेवटच्या प्रकारात अजून एक सापळा आहे. ट्रिप्लेटवरचा ३ दिसला म्हणून लगेच पॉलीरिदम होत नाही. खाली एकच क्रॉचेट असेल, तर ते बीटचे साधे तीन भाग झाले. चारास दोनही नाही, कारण चारमध्ये दोन बरोब्बर बसतात. एका आकड्याने दुसऱ्याला भाग जायला नको, आणि दोन्ही गट एकाच वेळी वाजायला हवेत.

आता खरी भानगड. काही पुस्तकं (क) लाही हेमिओलाच म्हणतात, आणि ते चूक नाही. हेमिओला हा ग्रीक शब्द, अर्थ दीडपट. आपल्याकडे तबलेवाले हाताने मूळ लय दाखवत आड लयीत बोल म्हणतात, तीही दीडपटच, आणि तिथे दोन्ही लयी एकाच वेळी चालू असतात. मग पेपरात काय लिहायचं? नाव लिहून थांबायचं नाही. 'उजव्या हातात दोन-दोनचे तीन गट, डाव्यात तीन-तीनचे दोन, एकाच वेळी. म्हणून तीनास दोनचा पॉलीरिदम' असं बार नंबरसकट लिहायचं. शब्दावरून वाद होऊ शकतो, मोजलेल्या गटांवरून नाही.

चला, मेट्रोनोम लावतो. टेबलावर (क) वाजवून बघा: दोन्ही हात, उजवा, डावा, उजवा. जमलं की फक्त डावा हात बदला, लगेच (ब) होईल.