साडेचार सेकंदांचे मराठी

यंत्रजुळणी शिकविणाऱ्या चित्रफितीखाली मराठी ओळी बसविण्याचे काम माझ्याकडे येते, तेव्हा मला सर्वांत अधिक झगडावे लागते ते आपल्या भाषेतील क्रियापदाशी. इंग्रजी निवेदक 'नका' आधी म्हणतो आणि मग काय करावयाचे नाही ते सांगतो. आपण सारे सांगून झाल्यावर शेवटी 'नका' म्हणतो. बोलताना यात काही बिघडत नाही. पण वाक्य दोन ओळपट्ट्यांत तुटले आणि पहिल्या पट्टीत 'बाहेरच्या रिंगवर दाब देऊ' एवढेच उरले, तर वाचणाऱ्याचा हात 'नका'ची वाट पाहत थांबेलच असे नाही.

परवाचेच उदाहरण घ्या. शाफ्टवर घट्ट बसणारे बेअरिंग दाबयंत्राने बसवावयाचे होते. दाब देणारी नळी आतल्या रिंगवरच टेकली पाहिजे. ती बाहेरच्या रिंगवर टेकली तर सारा जोर गोळ्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर खळगे पडतात आणि पुढे यंत्र चालू लागले की बेअरिंग आवाज करू लागते. निवेदकाचे हे वाक्य साडेचार सेकंदांचे. त्याचे शब्दशः मराठी असे होते : 'बेअरिंग शाफ्टवर बसवण्यापूर्वी नळी फक्त आतल्या रिंगवर टेकली आहे याची खात्री करून घ्या, बाहेरच्या रिंगवर ती कधीही टेकवू नका.' मोजली तर ही 55 अक्षरे, म्हणजे सेकंदाला बारा. शिवाय वाचणाऱ्याची दृष्टी खाली नव्हे, कारागिराच्या हातावर असावयास हवी.

निवेदक 'फक्त आतल्या' या अर्थाच्या शब्दांनंतर क्षणभर थांबतो, आणि तेथेच दृश्य बदलून बाहेरच्या रिंगवर तांबडी फुली येते. म्हणून वाक्य तेथेच तोडले. पहिले अडीच सेकंद : 'नळी आतल्या रिंगवरच टेकवा.' नंतरचे दोन : 'बाहेरच्या रिंगवर नको.' तेरा आणि दहा अक्षरे. सेकंदाला पाचांच्या आसपास. 'बसवण्यापूर्वी' गाळले, कारण ते चित्रात दिसतेच. 'फक्त' हा शब्द गेला, पण त्याचा अर्थ 'च' या एका अक्षरात राहिला. तो 'च' मात्र कितीही घाई असली तरी गाळता येत नाही. (रिंगला 'वलय' म्हणण्याची सूचना एका विद्वान स्नेह्यांनी केली होती. कारखान्यात वलय फक्त चंद्राभोवती दिसते.)

अक्षरे मी बोटांवर मोजतो. संगणक 'स्क्रू' या एका अक्षराचे सहा घटक मोजतो आणि सुटसुटीत ओळीलाही लांब ठरवितो. त्यापेक्षा ओळ मोठ्याने वाचून घड्याळ पाहावे हे बरे. शेवटी आवाज बंद करून फीत एखाद्या फिटरला दाखवितो आणि नळी कोठे टेकवावयाची एवढेच विचारतो. त्याने बोट आतल्या रिंगवर ठेवले, की ती ओळ कायम.