वजाबाकीची पाटी आणि व्हिगॉट्स्की

अध्यापक विद्यालयांत अध्ययनाच्या उपपत्तींवर विचारले जाणारे प्रश्न बहुधा ‘स्पष्ट करा’ किंवा ‘विशद करा’ या आज्ञेने संपतात, आणि त्यांची उत्तरे टिपणवहीतून निघून बिनबोभाट उत्तरपत्रिकेत दाखल होतात. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या साहाय्याने जे करू शकते, त्या दोहोंमधील अंतराला १९३४ साली निवर्तलेल्या लेव्ह व्हिगॉट्स्कीने निकटविकासाचे क्षेत्र मानले, हे प्रत्येक छात्राध्यापकाला मुखोद्गत असते. परंतु काल घेतलेल्या पाठात ते अंतर कोठे दिसले, असे विचारताच वर्ग निःशब्द होतो.

म्हणून मी प्रश्नाच्या आरंभी व्याख्या न ठेवता पाटी ठेवतो. मुंबई-आग्रा आणि पुणे या दोन हमरस्त्यांच्या संगमावर, नाशिकच्या द्वारका भागातील एका शाळेत, तिसरीच्या एका मुलाने बावन्नातून अडतीस वजा करून सव्वीस उत्तर लिहिले होते. ही बेपर्वाई नव्हे: दोनातून आठ जात नाहीत हे पाहून त्याने आठातून दोन काढले, म्हणजे प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा करण्याचा स्वतःचा कायदा त्याने इमानाने पाळला. छात्राध्यापिकेने टाचणवहीत लिहिले होते, ‘मदत केली, विद्यार्थ्यास समजले.’ असल्या शेऱ्यावरून काहीच कळत नाही.

तेव्हा मी तिला विचारले: आपण प्रथम नेमके कोणते वाक्य उच्चारले? ‘सव्वीस आणि अडतीस मिळवून पाहा’ एवढे सांगताच, चौसष्ट येतात हे पाहून मूल स्वतःच थबकले, की पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर मांडून एक गठ्ठा सोडावा लागला? की तेही न साधून आपणच खडू उचलला? ज्या पायरीवर मुलाचा हात पुन्हा चालू लागला, त्या पायरीवरून अंतराचा अंदाज येतो. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली या साहाय्याला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहिल्यावर परांची उतरवावी लागते, म्हणून माझा पुढचा प्रश्न असतो की काड्या दूर सारून एकसष्टातून सत्तावीस वजा करावयास दिले तेव्हा काय झाले. चौतीस आले तर गठ्ठा मनात सुटला; सेहेचाळीस आले तर जुना कायदा शाबूत आहे, आणि ‘समजले’ हा शेरा रद्द.

यावर एक आक्षेप दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे: चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाजवळ इतके बसणार कोण? व्हिगॉट्स्कीने अधिक जाणत्या सोबत्याचाही उल्लेख केला आहे खरा, तथापि हुशार मुलगा शेजाऱ्याला बहुधा रीत न दाखवता उत्तरच सांगून टाकतो. म्हणून जोड्या कशा लावल्या आणि शेजारी काय बोलला, हेही मी लिहून मागतो.

आपल्या विद्यालयाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की जो प्रश्न एकही पाठ न घेतलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळवून देतो, तो यंदा वगळावा.