पहिली बारा मिनिटं

हैदराबादेत दम्याचं नाव काढलं की समोरचा माणूस मृगाच्या माशाची आठवण काढतोच. नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवरच्या त्या रांगेत लहानपणी मलाही उभं केलं होतं. पुढे शाळेत पीटीचा तास म्हणजे माझ्यासाठी बाकावर बसायचा तास झाला. घरात कुणी मला बादलीसुद्धा उचलू दिली नाही. दमा आहे ना, जपायला हवं!

जपून जपून सत्ताविसाव्या वर्षी अशी वेळ आली की अफझलगंजातल्या आमच्या घराचा तिसरा मजला चढताना मी दोनदा थांबत होते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बेगम बाजारातून किराणा आणायचं काम माझ्याकडे आलं आणि दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन जिना चढणं मला जमेना. छातीच्या डॉक्टरांना मी म्हटलं, "दमा वाढलाय." त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "दमा आहे, पण आटोक्यात आहे. तुमच्या मांड्यांमध्ये ताकदच नाही. वजनांचा व्यायाम सुरू करा."

त्या दिवशी त्यांनी मला दोन प्रकारची धाप ओळखायला शिकवली. स्नायू कमजोर असले की जिना चढताना धाप लागते आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरते. दम्याची धाप उलटी वागते. व्यायाम चालू असताना ती फारशी जाणवत नाही, पण थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढते. छाती आवळते, कोरडा खोकला येतो, श्वास सोडताना शिट्टी वाजते. माझी जिन्यातली धाप पहिल्या प्रकारची होती.

म्हणजे व्यायामाने दमा उठणारच नाही असं नाही. आपण जोरात श्वास घेतो तेव्हा नाकाला हवा गरम आणि ओलसर करायला वेळ मिळत नाही. ती कोरडीच आत जाते, श्वासनलिकांचं अस्तर सुकतं आणि नलिका आकसतात. वजनं उचलण्यात एक सोय आहे. अर्धा-पाऊण मिनिट जोर, मग विश्रांती, असं चालत असल्यामुळे सलग पळण्याइतका श्वास फुलत नाही. म्हणून नवशिक्या दमेकऱ्याला ही सुरुवात सोपी जाते.

मी ज्या जिममध्ये नाव घातलं, तिथे सगळ्यांना एकच पद्धत होती : एसीखाली तीन मिनिटं ट्रेडमिलवर जोरात पळायचं आणि लगेच वजनांकडे वळायचं. डॉक्टरांनी मला पीक फ्लो मीटर दिला होता. ही प्लॅस्टिकची नळी असते. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, की काटा पुढे सरकतो. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. माझा चांगल्या दिवसाचा आकडा 400. पहिल्या आठवड्यात व्यायामाआधी 390 यायचा आणि व्यायाम संपल्यावर दहा मिनिटांनी 310. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गायब, आणि वर खोकला.

वही पाहून डॉक्टर म्हणाले, "वजनं तीच ठेवा, सुरुवात बदला." मग ट्रेनर सरांनी बारा मिनिटांचा वॉर्मअप बसवून दिला. पहिली पाच मिनिटं सायकल हळू चालवायची, इतकी हळू की अख्खं वाक्य न अडखळता बोलता यावं. मग वीस सेकंद जोरात आणि चाळीस सेकंद हळू, अशा पाच फेऱ्या. जोराच्या वीस सेकंदांत दोन-तीन शब्दच बोलता यावेत. शेवटची दोन मिनिटं पुन्हा हळू. "पहले इंजन गरम होने दो," हे सरांचं पालुपद.

दुसऱ्या आठवड्यात व्यायामानंतरचा आकडा 360च्या आसपास राहू लागला आणि खोकला थांबला. याचं कारण असं, की श्वास थोडा वेळ फुलवून लगेच उतरवला की बऱ्याच जणांच्या श्वासनलिका पुढचा तास-दोन तास सहज आकसत नाहीत. जोराचे छोटे तुकडे त्यासाठीच असतात. तीन मिनिटांत ही सवड मिळत नाही, आणि नुसतं संथ चालून तो परिणाम तेवढा येत नाही. मात्र सगळ्यांनाच ही सूट मिळते असं नाही. मिळते की नाही, ते आपलीच वही सांगते.

वॉर्मअपनंतर खुर्चीवर बसून उठल्यासारखे स्क्वाट, केबल ओढायचं रोइंग, डंबेलचा चेस्ट प्रेस आणि दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं, एवढे चारच प्रकार. प्रत्येकाचे दहा-दहाचे दोन सेट. वजन इतकंच, की दहा झाल्यावर अजून तीन जमतील असं वाटावं. दोन सेटमध्ये दीड ते दोन मिनिटं थांबायचं. घाई केली की वजनांचंही पळणं होतं. जोर लावताना श्वास सोडायचा, वजन खाली आणताना घ्यायचा, रोखून धरायचा नाही. शेवटी पाच मिनिटं सायकल हळू, आणि मग दहा मिनिटं तिथेच बसून राहायचं. दम्याची धाप नेमकी याच वेळात येते, म्हणून लगेच गाडीला किक मारून निघायचं नाही.

आता आमच्या भागाबद्दल. जिमला जायचा जवळचा रस्ता बेगम बाजारातल्या मिरचीच्या दुकानांपुढून जातो. लाल मिरचीचा खकाणा नाकात गेला की वॉर्मअपच्या आधीच छाती तक्रार करू लागते. म्हणून मी दुकानं उघडायच्या आत, लांबच्या वाटेने जाते. बससाठी उभं राहायचं झालं तर धूर सोडणाऱ्या बसच्या मागे राहत नाही. जिममध्ये एसीच्या झोतापासून दूरची सायकल पकडते, आणि फरशी फिनाइलने नुकतीच पुसली असेल तर बाहेर थांबते. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी तोंडावर ओढणी गुंडाळून निघते. त्यामुळे आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते. त्या दिवसांत वॉर्मअपही पंधरा मिनिटांचा करते.

वॉर्मअप म्हणजे औषध नाही. रोजचा पंप रोजच घ्यायचा. मला धुळीच्या आणि थंडीच्या दिवसांत व्यायामाआधी पंधरा मिनिटं दोन फवारे घ्यायला सांगितलंय. तुमचा पंप कोणता आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्रास होतो म्हणून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा आरामाचा पंप लागला, तर व्यायाम वाढवायच्या आधी डॉक्टरांकडे जायचं. सकाळचा आकडा 320च्या, म्हणजे माझ्या चांगल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली आला, रात्री खोकल्याने जाग आली किंवा सर्दी-ताप असला, तर त्या दिवशी सुट्टी. आणि पंप घेऊनही धाप उतरत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर वाट न पाहता सरळ दवाखाना गाठायचा. माझा पंप बॅगेच्या कुठल्या खणात असतो, हे ट्रेनर सरांना आणि शेजारच्या सायकलवरच्या मैत्रिणीला माहीत आहे.

चार महिने झाले. दहा किलोची पिशवी आता मीच वर आणते. दुसऱ्या मजल्यावर एकदा टेकवते, धाप दोन मिनिटांत उतरते. आई मात्र अजून दारात पंप हातात घेऊन उभी असते.